बॅच क्रमांक सातव्या ओळीत कशासाठी?

उत्पादन परत मागवण्याच्या सूचना ग्राहकाला समजतील अशा मराठीत लिहून देणे हे माझे काम आहे, आणि या कामात मला जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशानेही येत नाही. मसुदा येतो, मी तो उलटा करून देतो, आणि वरच्या मजल्यावरून तो पुन्हा सुलटा होऊन परत येतो. ग्राहकाला ज्या तीन गोष्टी तातडीने कळायला हव्यात, म्हणजे कोणती बॅच, धोका काय आणि आता करायचे काय, त्या तिन्ही गोष्टी पुन्हा तळाशी गेलेल्या असतात.

या वेळचे प्रकरण एका चटण्या बनवणाऱ्या कंपनीचे आहे. पाउच भरण्याच्या यंत्रावर शेंगदाण्याची चटणी चालू होती. ती संपल्यावर हॉपर पूर्ण रिकामे करून धुण्याआधीच जवसाच्या चटणीच्या पाउचचा रोल चढवला गेला, आणि जवसाची चटणी असे छापलेल्या शंभर ग्रॅमच्या पाकिटांत शेंगदाण्याची चटणी भरली गेली. काही पाकिटांत निव्वळ शेंगदाण्याची चटणी आहे, काहींत दोन्हींचे मिश्रण आहे, आणि दोन्हींत तिखट व लसूण असल्यामुळे रंगावरून किंवा वासावरून फरक ओळखता येईल असे मुळीच नाही. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत शेंगदाण्याचा उल्लेख नाही. ज्या घरात मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्या घरात शेंगदाण्याची चटणी येतच नाही; तिथे मुद्दाम जवसाची आणली जाते. म्हणजे जिथे हे पाकीट पोचायला नको होते, नेमके तिथेच ते पोचण्याची शक्यता जास्त.

आता कंपनीचा मसुदा पाहा. त्याची सुरुवात अशी आहे: “ग्राहकांचा विश्वास हीच आपली संपत्ती मानणाऱ्या आमच्या संस्थेने गुणवत्तेशी कधीही तडजोड केलेली नाही.” पुढचे वाक्य अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ चा हवाला देते. त्यानंतर “केवळ खबरदारीचा उपाय म्हणून स्वेच्छेने” काही निवडक पाकिटे परत घेत असल्याचे सांगितले आहे. मग “अनवधानाने शेंगवर्गीय घटकाचा अंश समाविष्ट झाल्याची शक्यता नाकारता येत नाही” असे वाक्य येते, आणि सातव्या ओळीत एकदाचा बॅच क्रमांक उगवतो. ग्राहकाने काय करावे, तर “सहकार्य करावे”. पाकीट खाऊ नका, हे तीन शब्द त्या संपूर्ण पानावर कुठेही नाहीत!

दुकानाच्या काचेवर चिकटवलेला कागद माणूस उभ्या उभ्या वाचतो आणि पहिल्या दोन ओळींत आपला संबंध दिसला नाही, तर पुढे जातो. विश्वासाचे वाक्य वाचून तो कागद जाहिरातीचा आहे असाच त्याचा समज होतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून मी लिहिले ते असे:

“ही जवसाची चटणी खाऊ नका. बॅच JC417B, १०० ग्रॅम. या पाकिटांत शेंगदाणे आहेत आणि ते पाकिटावर लिहिलेले नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने ही चटणी खाल्ल्यास जिवाला धोका होऊ शकतो. चटणी खाल्ल्यानंतर ओठ किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा वाटला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न पाहता १०८ वर फोन करा. बॅच क्रमांक पाकिटाच्या मागे, खालच्या शिवणीजवळ काळ्या शाईत छापलेला आहे. पाकीट उघडले असले आणि बिल नसले तरी दुकानात परत द्या, पूर्ण पैसे मिळतील.”

यानंतर कंपनीने आपला इतिहास हवा तेवढा लिहावा, माझी हरकत नाही.

हा मजकूर परत आला तेव्हा “जिवाला धोका” या शब्दांच्या जागी “अस्वस्थता” होती. अस्वस्थता म्हणजे काय? जड जेवणानेही अस्वस्थता येते. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाचा रक्तदाब काही मिनिटांत कोसळू शकतो आणि श्वासमार्ग सुजून बंद होऊ शकतो, हे लपवून कोणाचे भले होणार आहे? लोक घाबरतील असे मला सांगण्यात आले. ज्यांना ॲलर्जी नाही त्यांना शेंगदाण्यामुळे काही होणार नाही, हे वाक्य पुढे जोडायला मी तयार होतो, कारण ते खरे आहे आणि धोका कोणाला आहे हे त्याने अधिक स्पष्ट होते. “केवळ खबरदारी” हे मात्र खरे नाही, कारण शेंगदाणे पाकिटात आहेत हे कंपनीने स्वतः तपासून पाहिलेले आहे.

युरोपीय संघाने १३ डिसेंबर २०२४ पासून लागू केलेल्या सामान्य उत्पादन सुरक्षा नियमावलीच्या कलम ३६ मध्ये याच गोष्टीला चाप लावला आहे. “स्वेच्छेने”, “खबरदारी म्हणून”, “क्वचित प्रसंगी” अशा शब्दांनी किंवा अद्याप अपघाताची नोंद नाही असे सांगून ग्राहकाला धोका कमी भासवायचा नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे, आणि क्रमांक वस्तूवर नेमका कुठे सापडेल हे चित्राने दाखवायला सांगितले आहे. ती नियमावली अन्नपदार्थांना लागू नाही. पण शब्दांनी माणूस गाफील होतो तो खेळण्याच्या बाबतीत जसा होतो, तसाच चटणीच्या बाबतीतही होतो.

बॅच क्रमांकाचे तर विचारूच नका. पाकिटावर JC417B छापलेले असताना मराठी सूचनेत तो “जेसी ४१७ बी” असा लिहून आला. घरातल्या आजी चष्मा लावून पाकिटावर “जेसी” शोधणार, तो सापडणार नाही, आणि आपले पाकीट सुरक्षित आहे असे मानून त्या ते परत फळीवर ठेवणार. क्रमांक पाकिटावर जसा आहे तसाच, त्याच अक्षरांत आणि अंकांत छापायचा असतो. त्याचे लिप्यंतर करायचे नसते.

आणखी एक गोष्ट मी दर वेळी घालतो आणि दर वेळी ती “अनावश्यक” म्हणून काढली जाते. आपल्याकडे चटणी आणली की ती बरणीत ओततात आणि पाकीट कचऱ्यात जाते. अशा घरात बॅच क्रमांक शोधायचा कुठे? त्यासाठी एक वाक्य लागते: “पाकीट टाकून दिले असेल आणि घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर बरणीतली चटणी टाकून द्या, बरणी व चमचा साबणाने धुवा आणि पैशांसाठी आम्हाला फोन करा.” यावर कंपनीचा आक्षेप असा की पाकिटाशिवाय कोणीही पैसे मागेल. शंभर ग्रॅम चटणीचे पैसे! त्या भीतीपोटी बरणीतली चटणी ताटात जाऊ द्यायची?

काल कळले की पुढच्या बॅचमधल्या काही पाकिटांतही शेंगदाणे सापडले आहेत, आणि JC418A हा क्रमांक जुन्याच सूचनेत, जुन्याच तारखेखाली, गुपचूप जोडण्याचा बेत आहे. हे मी होऊ देणार नाही. ज्यांनी पहिली सूचना वाचून आपले पाकीट तपासले आणि निर्धास्त झाले, तेच आता सर्वांत जास्त धोक्यात आहेत. त्यांच्यासाठी नव्या कागदावर, नव्या तारखेसह, पहिली ओळ अशीच असली पाहिजे: “आणखी एक बॅच परत मागवली आहे: JC418A. आधी तपासलेले पाकीट पुन्हा तपासा.”