बोनस कमी मिळाला? आधी आभाराचा मेल पाठवा

नियुक्तिपत्रात लिहिलेल्या रकमेपेक्षा कमी बोनस हाती पडला, की सुसंस्कृत नोकरदाराने सर्वप्रथम व्यवस्थापनाचे आभार मानावेत. काही न मिळण्यापेक्षा थोडे मिळणे केव्हाही चांगले, हे आपल्याला अप्रेझलच्या बैठकीत पुरेशा वेळा ऐकवले गेलेले असते. मला हे शहाणपण जरा उशिरा सुचले. तोपर्यंत मी हिशेब मागून बसलो होतो आणि त्यापायी जून आणि जुलै असे दोन महिने वाया घालवले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून अनुभवाने आलेल्या काही सूचना येथे देत आहे.

नियुक्तिपत्र फक्त कंपनीच्या पोर्टलवरच ठेवावे, स्वतःच्या मेलवर त्याची प्रत मुळीच घेऊ नये. राजीनामा दिला की लॉगिन बंद होते आणि वादाचे मूळच नाहीसे होते.

विचारणा करायचीच असेल, तर ती चहाच्या यंत्राजवळ, हसत हसत आणि तोंडी करावी. लेखी विचारले तर तारीख राहते, तारीख राहिली की उत्तर द्यावे लागते आणि आपल्यामुळे कोणालाही उत्तर द्यावे लागणे हे शिष्टाचाराला धरून नाही.

भांडायला जाताना बँकेत जमा झालेली रक्कम पुढे करावी आणि पे-स्लिप उघडूनही पाहू नये. नियुक्तिपत्रातला आकडा कर कापण्यापूर्वीचा असतो आणि खात्यातला कर कापल्यानंतरचा. या दोहोंची तुलना केली, की समोरचा माणूस पहिल्या मिनिटात आयकराचे कारण सांगून तुम्हाला निरुत्तर करतो आणि खरा घोटाळा, जो करकपातीच्या आधीच होऊन गेलेला असतो, सुखरूप राहतो.

आता हिशेबाविषयी. माझ्या नियुक्तिपत्रात वार्षिक निश्चित वेतन 12,00,000 रुपये आणि त्याच्या 15 टक्के कामगिरी बोनस, असे एका सरळ वाक्यात लिहिले होते. पुढे असेही होते की, अपेक्षेप्रमाणे काम केल्यास पूर्ण रक्कम मिळेल, तिला कंपनीच्या वार्षिक निकालाचा गुणक लागेल आणि वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्यास ती रुजू झाल्याच्या तारखेपासूनच्या महिन्यांच्या प्रमाणात दिली जाईल. मी 1 जुलै 2024 रोजी रुजू झालो, मार्चअखेर नऊ महिने भरले आणि रेटिंग 'अपेक्षेप्रमाणे' असे आले. वर्षाचे 1,80,000, त्याचे नऊ महिन्यांचे 1,35,000. गुणक 90 टक्के जाहीर झाला होता. तो पत्रातच असल्यामुळे माझी त्याबद्दल तक्रार नव्हती आणि आजही नाही. म्हणजे 1,21,500 रुपये. पे-स्लिपवर कर कापण्यापूर्वीचा बोनस दिसला 40,500.

गणितात माझीच चूक झाली असेल, असे मी दोन दिवस प्रामाणिकपणे मानले. (तुम्हीही मानावे; कंपनीचा त्यात मोठा फायदा असतो.) तिसऱ्या दिवशी उलटा हिशेब करून पाहिला. 40,500 ला 90 टक्क्यांनी भागले की 45,000 येतात. हे सहा महिन्यांचे धरले, तर वर्षाचे 90,000. आणि 90,000 म्हणजे 6,00,000 चे 15 टक्के. सहा लाख हे माझे बेसिक! म्हणजे एका कात्रीने निश्चित वेतनाच्या जागी बेसिक आले आणि दुसऱ्या कात्रीने रुजू झाल्याच्या तारखेच्या जागी 1 ऑक्टोबर, अर्थात तीन महिन्यांचा प्रोबेशन संपून नोकरीत कायम झाल्याची तारीख. या दोन्ही गोष्टी माझ्या पत्रात नाहीत. एचआरला विचारल्यावर उत्तर आले की, बोनस नेहमी बेसिकवरच काढतात, तसा कायदाच आहे. कायदा होता, हे खरे. 1965 चा बोनस कायदा, ज्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता धरून किमान 8.33 टक्के बोनस ठरत असे. पण तो महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनाला लागू होता आणि माझ्या बोनसचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. माझा बोनस कायद्याने दिलेला नाही, तुमच्या सहीच्या कागदाने दिलेला आहे, एवढे साधे वाक्य मी चार मेलांतून चार प्रकारे लिहिले. पाचव्या वेळी सांगण्यात आले की, प्रोबेशनचा काळ वगळण्याचे नवे धोरण आले आहे. ते धोरण कोणत्या तारखेचे, असे विचारले तेव्हा कळले की ते फेब्रुवारी 2025 चे आहे. मी जुलैपासून ज्या अटींवर राबलो, त्या अटी फेब्रुवारीत बदलून मागच्या जुलैपासून लागू करायच्या, हा कोणत्या गावचा न्याय? नोकरी देताना एक कागद आणि पैसे देताना दुसरा, असे असेल, तर मुलाखतीतच दोन्ही समोर ठेवायचे होते!

असो. सूचनांकडे वळतो.

एचआरने तिकीट 'निराकरण झाले' म्हणून बंद केले, तर ते झाले असेच समजावे.

'सर्वांना असेच दिले आहे' हे उत्तर आले, की निमूट घरी जावे. चूक सर्वांच्या बाबतीत केली की तिला धोरण म्हणतात.

फरकाची रक्कम किती, हे कधीही नेमके सांगू नये. 'खूप कमी आला' असे म्हणावे. गुणक न धरता 1,35,000 च्या हिशेबाने येणारे 94,500 मी मागितले नाहीत, कारण गुणकाचा भाग कंपनीच्या बाजूने होता. मी 81,000 मागितले आणि त्यापैकी बेसिक धरल्यामुळे किती गेले आणि तारीख बदलल्यामुळे किती, हे एका पानावर मांडून नियुक्तिपत्रातील कलमाच्या क्रमांकासह पाठवले. हा फार मोठा उद्धटपणा ठरला. विभागप्रमुखांनी बोलावून 'एवढे कशाला ताणतोस' असे विचारले, पण आकडा चुकीचा आहे असे त्यांच्यासह कोणीही आजवर म्हटलेले नाही. सारे काही 'व्यवस्थापनाच्या विवेकाधिकारात' असते, असे मात्र सगळ्यांनी म्हटले. माझ्या पत्रात तो शब्दच नाही. तुमच्या पत्रात असेल, तर मात्र सहीपूर्वी वाचायला हवा होता, कारण तो असताना माझ्याइतकी बळकट बाजू तुमची राहत नाही.

आता उपरोध पुरे. ज्यांनी हा हिशेब केला, त्यांना सरळ सांगतो. माझे काम वेळेत हवे असते तेव्हा तुम्हाला पत्रातले प्रत्येक कलम पाठ असते. नोटिशीचा काळ एका दिवसाने कमी भरला, तर पगार कापताना तुमचा हात थरथरत नाही. मग माझ्या बाजूचे एक कलम वाचायला दोन महिने का लागतात? तुम्हाला लाज वाटायला हवी. हा माझ्यावर उपकार नाही, ते माझ्या नऊ महिन्यांच्या कामाचे पैसे आहेत. करारातल्या रकमेसाठी दिवाणी दावा करायला तीन वर्षांची मुदत असते आणि मला घाई नाही. पण कज्ज्याची वेळ आणू नका. हिशेबाचा कागद, त्यात धरलेले वेतन, महिने आणि गुणक यांसह, माझ्या मेलवर लेखी पाठवा आणि 81,000 रुपये पुढच्या पगारात 'बोनस फरक' अशा वेगळ्या ओळीत दाखवून जमा करा.