पॉइंटवरचं तिकीट आणि वर भरावे लागणारे तीस हजार

सोलापुरातल्या पुष्कळ घरांतली मुलं आता जर्मनीत आहेत, लंडनला आहेत. आई-बाबांना तिकडे बोलवायचं ठरलं की क्रेडिट कार्डावर साठलेले पॉइंट आठवतात. "पॉइंटवर तिकीट फुकट" असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मग शेवटच्या पानावर 'टॅक्सेस अँड फीज' म्हणून मोठा आकडा दिसतो, आणि सरकारचा कर आहे, त्याला इलाज नाही, असं समजून लोक तो भरून टाकतात. माझा मुद्दा एवढाच, की त्यातला मोठा भाग बहुतेक वेळा सरकारचा नसतोच.

कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या योजनेत वळवून तिकीट काढलं, की ते फक्त मूळ भाडं फेडतात. त्यावर दोन वेगळ्या प्रकारचे पैसे लागतात. एक, विमानतळाचं शुल्क, सुरक्षा शुल्क, जीएसटी असे खरे कर. दुसरा, विमान कंपनीने स्वतः लावलेला सरचार्ज. तिकिटाच्या रकमेची फोड उघडली की तो YQ किंवा YR या कोडपुढे दिसतो. तेल महागलं तेव्हा 'फ्युएल सरचार्ज' म्हणून तो सुरू झाला. तेल उतरलं तरी तो राहिला. 2012 मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने बजावलं, की इंधनाचं नाव घ्यायचं तर आकडा इंधनाच्या खर्चाशी जुळला पाहिजे. त्यानंतर अनेक कंपन्यांनी नाव बदलून 'कॅरिअर इम्पोज्ड सरचार्ज' केलं. ही रक्कम मूळ भाड्यात मिसळली तर पॉइंटवाल्याला ती माफ करावी लागेल, म्हणूनही ती बाहेर ठेवणं कंपनीच्या सोयीचं असतं. मला हे पटत नाही. कंपनीची किंमत 'कर' या मथळ्याखाली दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणंच आहे.

मुंबई–फ्रँकफर्ट–मुंबई, लुफ्थान्सा, इकॉनॉमी असं उदाहरण घेऊ. आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या तारखेला वेगळे येतील. रोखीचं तिकीट 62,000 रुपये. लुफ्थान्साच्या स्वतःच्या माइल्स अँड मोअर योजनेत 60,000 पॉइंट आणि वर 31,000 रुपये. त्या 31,000 ची फोड अशी: सरचार्ज 22,000, त्या सरचार्जवरच 5 टक्के जीएसटी 1,100, आणि खरे कर-शुल्क 7,900. म्हणजे 60,000 पॉइंटनी तुमचे वाचवले फक्त 31,000. एका पॉइंटला जेमतेम 52 पैसे.

आता त्याच विमानातली सीट युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीच्या माइलेजप्लस योजनेतून बघा. युनायटेड आणि लुफ्थान्सा स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या एकाच गटातल्या, त्यामुळे एकीच्या पॉइंटवर दुसरीची सीट मिळते, आणि युनायटेड हा सरचार्ज प्रवाशाकडून घेत नाही. समजा तिथे 80,000 पॉइंट मागितले आणि कर 7,900. वाचले 54,100, पॉइंटला जवळपास 68 पैसे. पॉइंट जास्त गेले, तरी सौदा बरा. एअर कॅनडाची एरोप्लान योजनाही हा सरचार्ज घेत नाही, फक्त दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी थोडी बुकिंग फी घेते. अडचण एकच: भागीदार योजनेला प्रत्येक सीट दिसतेच असं नाही, त्यामुळे तारखा मागेपुढे कराव्या लागतात.

लंडनची गोष्ट वेगळी. तिथे सरचार्ज टाळला तरी ब्रिटनमधून निघताना एअर पॅसेंजर ड्यूटी लागतेच, आणि ती खरोखर सरकारी आहे. भारताच्या अंतराला 1 एप्रिल 2026 पासून इकॉनॉमीत 102 पौंड, प्रीमियम इकॉनॉमी किंवा बिझनेसला 244 पौंड. जाताना नाही, फक्त परतीला. इकॉनॉमीतल्या 16 वर्षांखालच्या मुलांना ती माफ आहे, ती लावलेली तर नाही ना हे तपासा. पॅरिसहून परतलं की ही ड्यूटी वाचते, असा सल्ला मिळतो. पण भारतीय पासपोर्टला त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो, शिवाय पॅरिसपर्यंतचं रेल्वेचं तिकीट. नुसत्या ड्यूटीसाठी ते परवडत नाही.

करायचं काय, तर बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवण्याआधी वर भरायची रक्कम बघायची. एकदा वळवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत, आणि लोक नेमके इथे अडकतात. बऱ्याच योजनांत खात्यात शून्य पॉइंट असले तरी शोधल्यावर पॉइंट आणि कर दोन्ही दिसतात. दिसले नाहीत तर ITA Matrix या साइटवर त्याच विमानाचं रोखीचं तिकीट शोधा. खाली एकेक कोडची रक्कम येते, त्यात YQ आणि YR बघा. मग रोखीच्या भाड्यातून भरायची रक्कम वजा करा आणि पॉइंटनी भागा. तुमची बँक त्याच पॉइंटला व्हाउचरमध्ये 50 पैसे देत असेल आणि इथे 52 येत असतील, तर रोखीने तिकीट काढा. कारण रोखीच्या तिकिटावर बहुधा माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे नवे पॉइंटही मिळतात, पॉइंटवर काढलेल्या तिकिटावर सहसा मिळत नाहीत.