तिकडे सगळे देतात म्हणून?

"मुलगा सात वर्षांचा. साडेआठला अंथरुणात जातो आणि साडेदहापर्यंत टक्क जागा. तिकडे अमेरिकेत सगळे मेलाटोनिन देतात म्हणे. किती देऊ?"

मावसबहिणीचा हा प्रश्न. द्यायचंच ठरलं तर अर्धा मिलिग्रॅम, फार तर एक, झोपेच्या तासभर आधी; आणि तेही मुलाच्या डॉक्टरांना विचारूनच. पण तिला मी आधी विचारलं, सुटीच्या दिवशी तो किती वाजता उठतो? नऊला, म्हणाली. म्हणजे त्याच्या शरीराचं घड्याळच उशिरा चालतंय, आणि साडेआठला त्याला झोप येणं शक्यच नाही. अशा मुलाला काही दिवस सव्वादहालाच अंथरुणात घालावं, सकाळी उठायची वेळ सुटीतही तीच ठेवावी. पटकन झोपू लागला की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे यावं. संध्याकाळी दिवे मंद, स्क्रीन बंद. सकाळी उठल्याउठल्या भरपूर उजेड. कित्येक मुलांचं एवढ्यावरच भागतं.

मेलाटोनिन गुंगी आणून झोपवत नाही, रात्र झाल्याचं शरीराला कळवतं. म्हणून मूल कूस बदलायला लागल्यावर दिलं तर उशीर झालेला असतो. मग "लागू पडत नाही" म्हणून आईबाप मात्रा वाढवतात आणि सकाळी मूल पेंगतं.

भावोजींचं म्हणणं, "शरीरातलंच हार्मोन आहे, अपाय कसला?" हार्मोन शरीरातलं, हे खरं. बाटलीतलं मात्र तसंच असेल असं नाही. अमेरिकेत ते औषध म्हणून नव्हे, पूरक आहार म्हणून विकलं जातं. 2023 मध्ये मेलाटोनिनच्या पंचवीस प्रकारच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बावीस बाटल्यांवर छापलेला मात्रेचा आकडा चुकीचा निघाला. एकीत तर लिहिलेल्याच्या साडेतीन पट मेलाटोनिन होतं. शेजारच्या घरी ती बाटली खाऊच्या डब्यांशेजारी दिसते तेव्हा माझा जीव वरखाली होतो. ब्रिटनमध्ये तेच घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि मला तोच नियम पटतो.

काका मध्येच म्हणाले, "मला तीनला जाग येते, मीही घेऊ का?" त्यांचा प्रश्न वेगळा. साधी गोळी काही तासांत शरीरातून निघून जाते, पहाटे जाग येण्यावर ती फारशी उपयोगाची नाही.

बालरोगतज्ज्ञ असलेल्या वहिनीने दोनच गोष्टी विचारल्या: तोंड उघडं ठेवून घोरतो का? झोपायच्या वेळी पाय सारखे हलवतो का? घोरत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या अडेनॉइड ग्रंथी बघायच्या. पाय वळवळत असतील तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तिथे मेलाटोनिन हे उत्तरच नव्हे. स्वमग्न किंवा एडीएचडी, म्हणजे अतिचंचलतेचा विकार, असलेल्या मुलांना त्याचा खरोखर फायदा होतो, काहींना तीन मिलिग्रॅमपर्यंत किंवा थोडं जास्तही लागतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षानुवर्षं दिल्यास वयात येण्यावर परिणाम होतो का, यावर तिच्याही मते अजून ठाम उत्तर नाही.

घोरतो, असं बहीण म्हणाली. आता आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर. गोळीचा विषय त्यानंतर, लागलाच तर.