'दाबले की बसतात' म्हणणाऱ्यांसाठी

हॉटस्वॅप किटमधून, म्हणजे सोल्डरिंगशिवाय स्विच बसवता-काढता येणाऱ्या किटमधून, दोन संध्याकाळी देऊन मेकॅनिकल कीबोर्ड कसा जोडायचा, त्यावर मी नवख्यांसाठी पोस्ट लिहिली होती. तिच्यावर निनावी वाचकाची प्रतिक्रिया: "हॉटस्वॅप किटमध्ये स्विच दाबले की बसतात. त्यासाठी दोन संध्याकाळी कशाला? माझा बोर्ड पाऊण तासात तयार झाला. स्टॅबिलायझर कंपनीतूनच ग्रीस लावून येतात. नवख्यांना उगाच घाबरवू नका. किंमतही फुगवून लिहिलीय. आणि सोल्डरिंग नसेल तर ती जुळणी कसली, ते खेळणं झालं."

निनावी महोदय, वाचलंत, वर लिहिण्याची तसदीही घेतलीत, आभार. नाव लिहिलं असतंत तर जास्त बरं वाटलं असतं. ज्याला जोर लावून बोलायचं असतं त्याला नावाची अडचण का होते, हे मला आजवर समजलेलं नाही. असो.

पोस्ट लांबली, हे मान्य. हत्यारांच्या यादीत दोन चिमटे सांगितले होते, त्यातला एक पुरतो, हेही मान्य. आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येऊ, कारण 'दाबले की बसतात' हे वाचून एखादा नवखा खरोखरच दाबत सुटेल.

स्विच बसतो, पण कशात बसतो ते बघा. वरून तो प्लेटमध्ये, म्हणजे चौकोनी भोकांच्या पातळ पट्टीत, खटकन अडकतो. खालच्या दोन पातळ धातूच्या पिना पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, भोकांतून सॉकेटमध्ये शिरायला हव्यात. प्रवासात एखादी पिन जरा वाकडी झाली असेल, तर ती भोकात न जाता स्विचच्या पोटाखाली दुमडून सपाट पडते. स्विच तरीही खटकन बसतो. दिसायला शेजारच्या स्विचसारखाच. फक्त ती कळ चालत नाही, किंवा आडवी दाबली तरच चालते. म्हणून मी लिहिलं होतं की प्रत्येक स्विच बसवण्याआधी उलटा करून उजेडात दोन्ही पिना सरळ आहेत का ते बघा. ह्यात घाबरवण्यासारखं काय आहे, सांगा.

दुसरं, सॉकेट. ते पीसीबीच्या खालच्या बाजूला फक्त दोन ठिकाणी झाळलेलं असतं. तुम्ही वरून अंगठ्याने रेटता तेव्हा तो सगळा जोर त्या दोन टाक्यांवर येतो. पाठीमागे आधार नसेल तर सॉकेट सुटतं, आणि कधीकधी खालचं तांब्याचं पॅड सोबत घेऊनच येतं. म्हणून प्लेट आणि पीसीबी केसच्या बाहेर हातात धरायचं, ज्या सॉकेटवर स्विच जाणार त्याच्या मागे दुसऱ्या हाताची दोन बोटं टेकवायची आणि मग सरळ खाली दाबायचं. आधी चार कोपऱ्यांत एकेक स्विच बसवला की प्लेट आणि पीसीबी एका रेषेत राहतात, मग मधले भरायचे. बरेच नवखे आधी सगळं केसमध्ये स्क्रूने आवळून टाकतात, नीटनेटकं दिसतं म्हणून. मग मागे बोट घालायला जागाच उरत नाही.

मी नोकरीला सुरुवात केली ती वागळे इस्टेटमध्ये, पीसीबी असेंब्लीच्या लाइनवर. तिथे कनेक्टर दाबणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला सुपरवायझर पहिला प्रश्न विचारायचे, "खाली काय ठेवलंयस?" त्यामुळे 'दाबले की बसतात' ऐकलं की माझं डोकं जरा फिरतं. माफ करा, पण फिरतं.

एक ताजं उदाहरण सांगतो. माझी भाची घणसोलीला राहते, तिने ६५ टक्के आकाराच्या छोट्या कीबोर्डचं किट घेतलं आणि तुमच्यासारख्याच कुणाचं तरी ऐकून घाईत जोडलं. G चालेना. तिने फोनवर थेट "मामा, बोर्ड गेला" असंच सांगितलं. मी म्हटलं, केबल लावलेली राहू दे, ब्राउझरमध्ये कीबोर्ड टेस्टर उघड आणि पुलरने G चा स्विच बाहेर काढ. दोन्ही पिना सरळ निघाल्या. मग उघड्या पडलेल्या दोन भोकांत चिमट्याची दोन टोकं हलकेच घालून एकदम टेकवायला सांगितली. स्क्रीनवर G उमटला असता तर सॉकेट ठीक, दोष स्विचचा. तो उमटला नाही. मग बोर्ड उलटा केला, तर सॉकेट एका बाजूने केसाइतकं उचललेलं. तिथे सोल्डरिंग आयर्न लागलंच. पॅड शाबूत होतं म्हणून काम एका टाक्यावर भागलं. अख्खी ओळ बंद असती तर स्विच उपसत बसण्यात अर्थ नसतो, तेव्हा दोष पीसीबीतच शोधायचा. हीच चिमट्याची चाचणी जोडणीच्या आधी, रिकाम्या पीसीबीवर, एकेका सॉकेटवर करून घ्या असं मी सांगितलं होतं. तेव्हा दोष निघाला तर किट परत तरी करता येतं.

आता तुमच्या 'कंपनीतूनच ग्रीस लावून येतात' बद्दल. स्टॅबिलायझर म्हणजे स्पेसबारसारखी लांब कळ दोन्ही टोकांना सारखी दाबली जावी म्हणून तिच्याखाली बसणारी तार आणि तिचे प्लास्टिकचे भाग. येतात, पण कसं लावून येतात? एका टोकाला लगदा, दुसरं कोरडं. कोरड्या टोकाला तार प्लास्टिकवर आपटून टिकटिक करते, आणि लगद्याच्या टोकाला स्पेसबार आळसावल्यासारखा वर येतो. आधी तार काढून काचेवर ठेवा. एक टोक उचललेलं दिसलं तर ती वाकडी आहे, बोटांनी थोडी थोडी सरळ करा. ती वाकडी राहिली तर कितीही ग्रीस लावा, आवाज जात नाही. मग सरकणाऱ्या प्लास्टिकच्या भागांना आतून क्रायटॉक्स २०५जी० ग्रीसचा पातळ हात, आणि तारेची जी टोकं प्लास्टिकच्या दांड्यात शिरतात त्यांना थोडं दाट डायइलेक्ट्रिक ग्रीस. बस.

हे सगळं आधीच करायचं, कारण पीसीबीवर स्क्रूने बसणारे स्टॅबिलायझर प्लेटच्या खाली अडकलेले असतात. नंतर टिकटिक ऐकू आली तर केस उघडा, सगळे स्विच उपसा, प्लेट उचला, आणि मग कुठे त्या एका तारेपर्यंत पोचाल. प्रत्येक उपसण्यात पिन वाकण्याची संधी पुन्हा मिळते. म्हणून पहिल्या संध्याकाळी फक्त पीसीबीची चाचणी आणि स्टॅबिलायझर. प्लेट नुसती वर ठेवायची, स्पेसबारखाली एकच स्विच आणि कॅप लावायची, आणि डावं टोक, मध्य, उजवं टोक दाबून कान द्यायचा. तिन्ही ठिकाणी सारखा आवाज आला की दुसऱ्या दिवशी स्विच. ह्या दोन संध्याकाळी तुम्हाला 'कशाला' वाटल्या. ज्याला त्याला आपापला वेळ.

किंमत कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून लिहिलीय, पोस्टमध्ये तसं नोंदवलंयही. वाचायची तसदी राहिली असेल. आणि सोल्डरिंगवाल्यांनी खेळणं म्हणावं, मला हरकत नाही. मी पोस्ट ज्यांच्या हातात कधी आयर्न आलं नाही त्यांच्यासाठी लिहिली होती.

राहिला तुमचा पाऊण तासाचा बोर्ड. फोन शेजारी ठेवा, स्पेसबारचं डावं टोक, मध्य आणि उजवं टोक दाबा, आणि ते रेकॉर्डिंग इथेच खाली टाका. नाव घालून टाकलंत तर आणखी उत्तम.