दात तुटला तरी एनसीच?

मारहाणीची तक्रार देऊन एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद घेऊन घरी आलेल्या प्रत्येकाने एक गोष्ट तपासावी. डॉक्टरांचा दाखला त्या कागदाच्या आधी आला होता की नंतर?

आमच्या ओळखीतल्या एका काकांना पार्किंगच्या वादात शेजाऱ्याने तोंडावर ठोसा मारला. रात्री ठाण्यात गेले, ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं, दवाखाना यादी, म्हणजे वैद्यकीय तपासणीसाठी दवाखान्याच्या नावे पत्र, दिलं आणि एनसी नोंदवली. साधी दुखापत, शिवीगाळ आणि धमकी, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमं ११५(२), ३५२ आणि ३५१(२). तिन्ही अदखलपात्र. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या दंतवैद्यांनी एक्स-रे काढला, तर पुढचा दात मुळाशी तुटलेला.

इथे सगळं बदलतं. कलम ११६ प्रमाणे हाड किंवा दात तुटणं ही गंभीर दुखापत आहे. मग लागतं ११७(२), आणि ते दखलपात्र. एका घटनेत अनेक गुन्हे असले आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ सांगतं. पण दाखला आल्यावर एनसी आपोआप बदलत नाही. कुणीतरी तो नेऊन द्यावा लागतो, आणि हे फिर्यादीला कुणी सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो.

कारण एनसीवर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. साक्षीदारांचे जबाब नाहीत, पंचनामा नाही, सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज जप्त करणं नाही. त्या फुटेजवर काही दिवसांत नवीन रेकॉर्डिंग चढतं. पुरावा असा हातचा जातो, आणि पुढे कोर्टात 'साक्षीदारच नाहीत' म्हणून फिर्यादीलाच ऐकावं लागतं.

'गुन्हा नोंदवला तर पोरगं आत जाईल' असं सांगून लोकांना गप्प केलं जातं. गुन्हा दाखल होणं म्हणजे अटक नव्हे. ११७(२) ला शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि तो जामीनपात्र आहे. अशा गुन्ह्यात अटकेची खरी गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन आरोपीला चौकशीला बोलावायचं असतं. अटक करायचीच असेल तर त्याची कारणं लिहावी लागतात.

म्हणून दाखल्याची प्रत जोडून, एनसीचा क्रमांक आणि तारीख टाकून, ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर तो नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं आहे. नोंदवल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते. तरीही नकार आला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, आणि त्या वेळी ती पोच आणि पोस्टाची पावती लागते.