"बरी मूं?" असं विचारल्यावर ती काय सांगणार?

फोंड्याच्या बाजारात शेजारची वहिनी भेटली. तिच्या यजमानांना, भाऊंना, जाऊन दीड महिना झाला होता. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कशी आसा गे, बरी मूं?" ती "बरी" म्हणाली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू पडली. नंतर कळलं, तिला हाच प्रश्न नकोसा झालाय. 'बरी' म्हणावं तर खोटं, 'नाही' म्हणावं तर भर बाजारात समोरच्याची पंचाईत.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. सुतकाच्या घरी कुणी "या, या" म्हणत नाही. निघताना एरवी कटाक्षाने म्हणतो ते "येते" तिथे म्हणायचं नसतं. गप्प उठायचं. (लहानपणी मला हे फार उद्धट वाटायचं.) पण हा रिवाज तेराव्यापर्यंतच. घर रिकामं होतं ते त्यानंतर, आणि तेव्हासाठी आपल्याकडे शब्दच नाहीत. मग पुन्हा तेच 'बरी मूं'.

पुढच्या वेळी मी प्रश्नच विचारला नाही. म्हटलं, "वहिनी, तुमच्या कुंपणावरची अबोली फुललेली दिसली. भाऊंची आठवण झाली." अशा बोलण्याला उत्तर द्यावंच लागत नाही. नुसती मान हलवून ती पुढे गेली असती तरी चाललं असतं. पण तिने पिशवी खाली ठेवली. "पाणी तेच घालायचे," म्हणाली, आणि दहा मिनिटं बोलत राहिली. गेलेल्याचं नाव काढलं तर रडू येईल म्हणून आपण टाळतो. ती तर दिवसभर तेच नाव मनात घेऊन फिरत असते. मात्र भोवती चार माणसं असतील तर मी हे बोलत नाही, तेव्हा नुसता हात धरते.

आजारी माणसाचं थोडं वेगळं. माझ्या मामांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मी शहाळी घेऊन गेले आणि दारातूनच म्हटलं, "लवकर बरे व्हा हं!" मूत्रपिंडं पुन्हा सुरू होणार नाहीत हे त्यांना माहीत आहे, मलाही. बिचारे मलाच धीर देत "होईन, होईन" म्हणाले. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून तेही त्यांना बंद. मामींनी निमूट आत नेऊन ठेवली.

आता मी फक्त त्या दिवसापुरतं विचारते. 'कसे आहात' म्हटलं की अख्ख्या आजाराचा हिशेब द्यावा लागतो. त्यापेक्षा, "काल डायलिसिस होतं ना? आज बोलण्याइतकं त्राण आहे, की मी नुसती बसू?" कधी नुसती बसते. परवा विचारलं, "आज जेवण गेलं का?"

"गेलं," मामा म्हणाले. "पण अळणी हुमण खाऊन बघ एकदा!" आणि अर्धा तास मामींच्या स्वयंपाकाला नावं ठेवत बसले.