भावानेच विकली, की विकलीच?

परवा क्लासमधली एक पोरगी सराव परीक्षेचा पेपर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. चोपड्याकडच्या एका गावातून रोज एसटीने येते. एरवी फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी रागात होती. एका मार्काने तिचा नंबर खाली गेला होता आणि तो मार्क 'ओन्ली' या एका शब्दाने खाल्ला होता.

प्रश्न चूक ओळखण्याचा होता. वाक्याचे तीन तुकडे आणि चौथा पर्याय 'नो एरर'. वाक्य असं: 'माय फादर ओन्ली हॅज / टू एकर्स ऑफ लँड / निअर द तापी.' तिने 'नो एरर'वर गोल केला. उत्तरसूचीत पहिला तुकडा चूक दिला होता, कारण पेपर काढणाऱ्यांच्या मते 'हॅज ओन्ली टू एकर्स' हवं.

"सर, माझ्या वडिलांना दोनच एकर आहे. यातून दुसरा अर्थ काढून दाखवा ना," ती म्हणाली.

मी प्रयत्न केला. नियमाला धरून 'ओन्ली'ला त्याच्या लगेच पुढच्या शब्दाशी, म्हणजे 'हॅज'शी जोडलं, तर अर्थ होतो की वडिलांकडे जमीन नुसती आहे, तिचं ते काही करत नाहीत. नांगरत नाहीत, विकत नाहीत, बटाईनेही देत नाहीत. खानदेशात तापीकाठची दोन एकर अशी नुसती ठेवणारा माणूस मी तरी पाहिला नाही. म्हणजे पोरगी बरोबर होती. गंमत अशी की उत्तरसूचीही पूर्णपणे चूक नव्हती, आणि आजची पोस्ट त्याच गुंत्याबद्दल आहे.

हे भांडण तिच्या पेपरपासून सुरू झालेलं नाही. रॉबर्ट लाउथ नावाच्या इंग्रज धर्मगुरूने 1762 साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्यात त्याने म्हटलं की क्रियाविशेषण ज्या शब्दाला लागू पडतं त्याच्या जवळ ठेवावं. तळटीपेत उदाहरण दिलं की लोक 'आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स' म्हणतात, पण त्यांना म्हणायचं असतं 'आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स'. 'स्पेक' म्हणजे 'स्पोक'चं जुनं रूप. आपल्या पोरीचं वाक्य अगदी याच साच्यातलं आहे, तीन शब्दांच्या जागी दोन एकर आले एवढंच. पुढे 1926 मध्ये फाउलर नावाच्या कोशकाराने इंग्रजी वापराच्या आपल्या कोशात उलटी बाजू घेतली. 'ही ओन्ली डाइड अ वीक अगो' हे वाक्य कोणाला चुकीचं कळतं का, असा त्याचा रोख होता. ऐकणाऱ्याला अर्थ बरोबर पोचत असेल, तर उगाच शब्द हलवून वाक्य अवघडून टाकायची गरज त्याला वाटत नव्हती.

आणि आपल्याकडे घरोघरी असलेलं रेन अँड मार्टिन? लाल कव्हर फाटलेलं, तीन भावंडांनी वापरलेलं. त्यात दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत. आधी सांगितलंय की 'ओन्ली' ज्या शब्दाला लागतो त्याच्या लगेच आधी ठेवावा. त्याखालीच सांगितलंय की बोलताना तो बहुधा क्रियापदाआधी येतो आणि कोणत्या शब्दावर जोर दिला त्यावरून अर्थ ठरतो. पेपर काढणारे पहिली ओळ वाचतात आणि पान उलटतात, हे माझं मत. कागदावर जोर ऐकू येत नाही म्हणून लेखी परीक्षेत पहिला नियम पाळतात, हेही मान्य. पण मग प्रश्न तरी असा काढा की जागा बदलल्यावर खरोखर अर्थ बदलतो.

असा प्रश्न कसा दिसतो ते मी त्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवलं. वाक्य आपल्याच बागेतलं: 'माय ब्रदर सोल्ड बनानाज टु द ट्रेडर ऑन मंडे.' भावाने सोमवारी व्यापाऱ्याला केळी विकली. आता यात 'ओन्ली' फिरवायचा, आणि प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी मराठीत एक शेपूट जोडायचं, 'दुसरं नाही'चं. 'ओन्ली' जिथे जिथे असतो तिथे कशाला तरी नकार लपलेला असतो. तो नकार बाहेर काढला की अर्थ सापडतो.

'ओन्ली माय ब्रदर सोल्ड...' म्हणजे भावाने विकली, दुसऱ्या कोणी नाही. गावातले बाकीचे चांगल्या दराची वाट बघत थांबलेत. 'सोल्ड ओन्ली बनानाज' म्हणजे केळी विकली, दुसरं काही नाही. कापूस घरातच पडलाय. 'ओन्ली टु द ट्रेडर' म्हणजे व्यापाऱ्याला दिली, दुसऱ्या कोणाला नाही. 'ओन्ली ऑन मंडे' म्हणजे सोमवारी विकली, बाकीच्या दिवशी नाही. इथपर्यंत वर्गातल्या सगळ्या माना हलत होत्या.

मग लिहिलं, 'माय ब्रदर ओन्ली सोल्ड बनानाज टु द ट्रेडर ऑन मंडे.' आणि विचारलं, सांगा आता.

एकजण म्हणाला, फक्त विकली, दुसरं काही केलं नाही. कापणी दुसऱ्याने केली, गाडी दुसऱ्याने भरली. दुसरा म्हणाला, सर, केळीच विकली असंही होतं. तिसरी म्हणाली, सोमवारीच असंही होतं. तिघंही बरोबर होते. क्रियापदाआधी बसलेला 'ओन्ली' हा वाक्यातला एकमेव मोकाट बैल आहे. त्याच्या पुढे जे जे येतं, त्यातल्या कशालाही तो लागू शकतो, म्हणजे क्रिया, वस्तू, माणूस, दिवस. मागे मात्र तो वळत नाही. 'भावानेच विकली, दुसऱ्या कोणी नाही' हा अर्थ त्या वाक्यातून निघत नाही, भावावर कितीही जोर दिला तरी. पेपरात 'वाक्याचा अर्थ सांगा' असं विचारून कर्त्याला चिकटलेला पर्याय दिला असेल आणि 'ओन्ली' क्रियापदाआधी असेल, तर तो पर्याय डोळे झाकून खोडा.

आता आपल्या पोरांची खरी अडचण. आपण मराठीत विचार करतो, आणि मराठीत 'ओन्ली'चं काम एक अक्षर करतं, 'च'. तो ज्याचा असतो त्यालाच चिकटतो. भावानेच, केळीच, व्यापाऱ्यालाच, सोमवारीच. अहिराणीतही 'इतलंच' म्हटलं की 'इतलं'ला चिकटलेलाच असतो. म्हणून मीही वर्षानुवर्षं शिकवत आलो की मराठीत 'च' कुठे लागतो ते बघा आणि तिथे इंग्रजीत 'ओन्ली' ठेवा. बऱ्याचदा जमतंही.

पण हा 'च' दोन ठिकाणी फसवतो, आणि ते मला पोरांच्या चुकांवरूनच कळलं.

पहिलं ठिकाण क्रियापद. 'फक्त विकली'साठी 'विकलीच' म्हणून बघा. अर्थ पार बदलतो. 'भावाने केळी विकलीच' म्हणजे सगळे नको नको म्हणत होते, भाव पडलेला होता, तरी त्याने ऐकलं नाही. इथे 'च' हट्ट दाखवतो, मर्यादा नाही. म्हणून क्रियापदाच्या बाबतीत 'च' सोडा आणि 'फक्त' किंवा 'नुसती' वापरून बघा.

दुसरं ठिकाण वेळ. 'सोमवारीच विकली' याचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक, सोमवारी आणि इतर दिवशी नाही. दुसरा, अरे, तुम्ही आज गुरुवारी विचारताय, ती तर सोमवारीच गेली, म्हणजे केव्हाच. या दुसऱ्या अर्थाला इंग्रजीत 'ओन्ली' चालत नाही, तिथे 'ऑलरेडी' लागतं. तिथे 'ओन्ली ऑन मंडे' लिहिलं तर 'सोमवारपर्यंत खोळंबली' असाही सूर लागतो, म्हणजे नेमका उलटा. मराठीत लवकर झालं, इंग्रजीत उशिरा. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "काय भो, एका अक्षराने केळी सडवली."

आणि 'च' शब्दामागे चिकटतो ना, म्हणून आपण 'ओन्ली'ही मागेच चिकटवतो. 'आय लिव्ह इन जळगाव ओन्ली.' 'ही केम यस्टरडे ओन्ली.' पुण्या-मुंबईकडची माणसंही बोलतात, आपलीच मक्तेदारी नाही. बोलण्यात भारतभर खपतं. परीक्षेत मात्र हे हमखास पकडतात आणि इथे मी पेपर काढणाऱ्याच्या बाजूने आहे, कारण 'मी जळगावातच राहतो' यात दुसऱ्या गावाला नकार नसतो, नुसता ठसका असतो, आणि लेखी इंग्रजीत 'ओन्ली' त्या ठसक्यासाठी वापरत नाहीत. तिथे तो काढूनच टाकायचा, जागा बदलून उपयोग नाही. पाटीवरचं 'लेडीज ओन्ली' किंवा 'मेंबर्स ओन्ली' वेगळं, तिथे खरोखर बाकीच्यांना मज्जाव असतो आणि मागचा 'ओन्ली' बरोबर असतो.

मग पोरीच्या प्रश्नाचं काय करायचं? तिला मी हेच सांगितलं की चूक ओळखायची असेल तेव्हा 'ओन्ली'कडे सगळ्यात शेवटी बघ. आधी कर्ता-क्रियापद जुळतंय का, काळ बरोबर आहे का, 'निअर टु द तापी' असलं काही घुसलंय का, ते तपास. तशी ठळक चूक सापडली तर क्रियापदाआधीच्या 'ओन्ली'ला हात लावू नकोस. बाकी सगळं स्वच्छ असेल आणि 'ओन्ली'च्या पुढे कुठेतरी आकडा असेल, दोन एकर, तीन तास, पाच रुपये, तर पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात जुना नियम आहे असं समजून तोच तुकडा चूक धर. तुझं वाक्य खरं इंग्रजी आहे हे तुला माहीत असू दे आणि मार्क मात्र त्याच्याकडून घे.

तिला हे पटलं नाही. "म्हणजे बरोबर असून चूक म्हणायचं?" असं विचारून पेपर घडी करून दप्तरात टाकला. मला उत्तर सुचलं नाही, तेव्हा मी फळा पुसायला लागलो.

त्याच रात्री मागच्या बाकावरच्या त्या गड्याचा मेसेज आला. फी राहिली होती. 'सर, पैसे उद्याच आणतो.' आज तिसरा दिवस आहे. हा 'च' लवकरचा होता, फक्त उद्याचा होता, की नुसता ठसका, ते मी अजून ठरवतोय.